सळईच्या रिपोर्टमधला आलेख वाचताना सरळ रेघ आधी मोजा

घराचा स्लॅब टाकायच्या आधी सळईच्या टेस्टचा रिपोर्ट हातात येतो. त्यात चार-पाच आकडे असतात आणि बऱ्याचदा एक आलेख जोडलेला असतो: डाव्या कडेला चिकटून सरळ वर गेलेली रेघ, मग उजवीकडे लांबवर पसरलेला वाकडा भाग, आणि शेवटी एकदम खाली आलेली टोकाची घसरण. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बांधकाम करणारे बहुतेक जण खालचे आकडे बघतात, ‘यील्ड ५०० च्या वर आहे ना’ एवढं विचारतात आणि कागद फाईलला लावतात. यील्ड म्हणजे सळई जिथून पुढे कायमची लांबायला लागते ती हद्द, आणि तो आकडा त्याच आलेखातून काढलेला असतो. आलेख चुकीचा निघाला असेल, तर आकडाही चुकीचा असतो. आलेख बरोबर निघाला की नाही, हे त्याच्या सगळ्यात दुर्लक्षित भागातून, म्हणजे डावीकडच्या त्या सरळ रेघेतून कळतं.

आलेखाचे दोन अक्ष आधी समजून घेऊ. उभ्या अक्षावर स्ट्रेस असतो. सळईवर लावलेला ओढ सळईच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागला की स्ट्रेस मिळतो. त्याचं एकक मेगापास्कल, म्हणजेच एका चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन. आडव्या अक्षावर स्ट्रेन असतो. मूळ लांबीच्या तुलनेत सळई किती लांबली, तो स्ट्रेन. ५० मिलिमीटरचा तुकडा अर्धा मिलिमीटर लांबला, तर स्ट्रेन १ टक्का. क्षेत्रफळाने आणि लांबीने भागण्याचं कारण असं की मग ८ मिलिमीटरची आणि २५ मिलिमीटरची सळई एकाच आलेखावर शेजारी ठेवून तुलना करता येते. सळईची जाडी बाजूला पडते आणि पोलादाचा गुण उरतो.

आता एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेऊ. एफई ५००डी दर्जाची १२ मिलिमीटरची टीएमटी सळई. ६०० मिलिमीटरचा तुकडा कापला, वजन केलं तर ५२० ग्रॅम भरलं. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरून या वजनावरून क्षेत्रफळ येतं ११०.४ चौरस मिलिमीटर. टेपने व्यास मोजून इथे चालत नाही, कारण सळईला फासळ्या असतात. म्हणून आयएस १७८६ हे मानक क्षेत्रफळ वजनावरूनच काढायला सांगतं. कागदावरचं १२ मिलिमीटरचं क्षेत्रफळ ११३.१ आहे, आपलं थोडं कमी भरलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुकडा सळई ओढून तपासणाऱ्या यूटीएम मशीनच्या जबड्यांत पकडला, मधल्या भागावर ५० मिलिमीटर अंतरावर दोन टोकं टेकवून लांबण मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावला आणि ओढायला सुरुवात केली. ओढ ११ किलोन्यूटन झाला तेव्हा स्ट्रेस १०० मेगापास्कल होता आणि एक्स्टेन्सोमीटरने ०.०२५ मिलिमीटर वाढ दाखवली. ओढ ४४ किलोन्यूटनच्या किंचित वर गेला तेव्हा स्ट्रेस ४०० झाला आणि वाढ होती ०.१ मिलिमीटर. स्ट्रेस चौपट झाला आणि लांबीतली वाढही चौपट झाली. या पट्ट्यात दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात चालतात, म्हणून रेघ सरळ येते. आता इथे मशीन थांबवून ओढ सोडला असता, तर सळई त्याच रेघेने खाली उतरून मूळ लांबीवर आली असती. हाच इलॅस्टिक भाग. स्लॅबमधली सळई रोजच्या वापरात जगते ती इथेच. माणसं, सामान, गणपतीत जमलेली पाहुणेमंडळी यांच्या वजनाने ती ताणली जाते आणि वजन उतरलं की पूर्ववत होते.

एक गोष्ट इथे नीट बघायला हवी. ४०० मेगापास्कलला ५० मिलिमीटरच्या तुकड्यात झालेली वाढ ०.१ मिलिमीटर आहे, साधारण वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी. हीच सळई तुटेपर्यंत सुमारे २० टक्के लांबणार आहे. पूर्ण आलेख २० सेंटिमीटर रुंद कागदावर छापला, तर सगळा इलॅस्टिक भाग डावीकडच्या अडीच-तीन मिलिमीटरमध्ये मावतो. म्हणून ती रेघ उभी दिसते आणि तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. रिपोर्टमध्ये पूर्ण आलेख दिला असेल, तर पहिल्या १ टक्का स्ट्रेनपर्यंतचा भाग मोठा करून मागा. यील्ड पॉइंट शोधायचा तो त्या मोठ्या केलेल्या तुकड्यावर. पूर्ण आलेखावर पट्टी लावून तो शोधण्यात अर्थ नाही.

मोठा आलेख समोर आला की पहिलं काम यील्ड शोधायचं नाही. सरळ भागावर दोन बिंदू घ्या, एक खालचा आणि एक वरचा, आणि उतार काढा. आपल्या उदाहरणात बिंदू आहेत १०० आणि ४०० मेगापास्कल. स्ट्रेसमधला फरक ३००. स्ट्रेन आहे ०.०५ टक्के आणि ०.२० टक्के, फरक ०.१५ टक्के, म्हणजे ०.००१५. ३०० ला ०.००१५ ने भागलं की येतात २,००,००० मेगापास्कल, म्हणजे २०० गिगापास्कल.

हा २०० चा आकडा पोलादाचा स्वभाव आहे. एफई ४१५ असो, ५०० असो की ५५०, उतार तोच येतो. आरसीसीच्या डिझाइनसाठी वापरलं जाणारं आयएस ४५६ सगळ्या दर्जांच्या सळयांना हाच एक आकडा धरतं. भट्टीत कार्बन थोडा बदलला, रोलिंगनंतर पाण्याचा मारा कमी-जास्त झाला, तर यील्ड बदलतो, तुटताना होणारी लांबण बदलते. उतार मात्र जवळजवळ हलत नाही, कारण तो लोखंडाचे अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत त्यावर ठरतो. म्हणून हा उतार म्हणजे आलेखाचा घरचा साक्षीदार. तो २०० च्या आसपास आला, तर क्षेत्रफळ, ओढ आणि लांबण तिन्ही बरोबर मोजले गेलेत असं धरून पुढे जाता येतं. पाच-सात गिगापास्कल इकडेतिकडे चालतात, नेहमीच्या चाचणीत इतकी अचूकताच मिळते. पण १८५ आला किंवा ३० आला, तर यील्डच्या आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी कारण शोधायला हवं.

आपल्या सळईचा उतार बरोबर आला. आता रेघेच्या मागे मागे वर जायचं आणि ती कुठे सोडते ते बघायचं. पट्टी सरळ भागावर ठेवा. ५०० च्या वर गेल्यावर आलेख पट्टीपासून सुटायला लागतो आणि ५८ किलोन्यूटनला, म्हणजे ५२५ मेगापास्कलला, एकदम आडवा होतो. ओढ वाढत नाही, सळई मात्र लांबत जाते. हा यील्ड पॉइंट. जुन्या डायलच्या मशीनवर हे डोळ्यांना दिसतं: सरसर पुढे जाणारा काटा इथे अडतो, कधी एक-दोन घरं मागे येतो, थोडा थरथरतो आणि मग पुन्हा हळूहळू चढायला लागतो. त्याच वेळी सळईवरची काळी-निळसर पापडी तडकते आणि तिची भुकटी जबड्यावर पडते. पापडी ठिसूळ असते, खालचं पोलाद अचानक लांबलं की तिला ते झेपत नाही.

काटा मागे आला असेल तर दोन आकडे मिळतात, मागे येण्याआधीचा वरचा आणि नंतर टिकलेला खालचा. वरचा आकडा मशीन किती वेगाने ओढतंय आणि सळई जबड्यात किती सरळ बसली आहे यावर बराच बदलतो. मला खालचा जास्त भरवशाचा वाटतो. रिपोर्टमध्ये कुठला दिलाय हे लिहिलेलं नसेल आणि आकडा ५०० च्या काठावर असेल, तर जरूर विचारा.

यील्डच्या पुढे काय बदललं? ओढ सोडला तर सळई अजूनही थोडी आखडते, पण मूळ लांबीवर येत नाही. आडव्या भागात १ टक्का स्ट्रेनपर्यंत जाऊन ओढ सोडला, तर आलेख आल्या वाटेने परत न जाता पहिल्या सरळ रेघेला समांतर उतरतो आणि साधारण ०.७४ टक्क्यावर जमिनीला टेकतो. परत मिळालेला ०.२६ टक्का इलॅस्टिक होता, उरलेली लांबण कायमची. समांतर उतरणं ही गोष्ट पुढच्या भागाची किल्ली आहे.

बाकीचा आलेख पटकन संपवू. आडव्या भागानंतर तो पुन्हा चढतो आणि ६९ किलोन्यूटनला, म्हणजे ६२५ मेगापास्कलला, शिखर गाठतो. मग एका जागी कंबर बारीक होते आणि सळई तुटते. एफई ५००डीसाठी यील्ड किमान ५००, शिखर किमान ५६५ आणि यील्डच्या निदान १.१० पट, तुटल्यानंतरची लांबण किमान १६ टक्के. आपल्या सळईने तिन्ही अटी पाळल्या.

आता चुका बघू. सगळ्यात जास्त दिसणारी चूक एक्स्टेन्सोमीटर न लावल्याची आहे. तो नाजूक असतो, सळई तुटताना मोडू शकतो, म्हणून काही ठिकाणी लावतच नाहीत. मग आलेखासाठी मशीनचा हलणारा भाग किती सरकला तेच ‘लांबण’ म्हणून घेतलं जातं. त्या सरकण्यात सळईची खरी लांबण थोडीच असते. जबड्याचे दात फासळ्यांत रुततात, सळई जराशी घसरते, मशीनचे खांब स्वतः ताणले जातात, ते सगळं त्यात मिसळतं. उतार २०० च्या जागी २० ते ४० गिगापास्कल येतो. आडवा अक्ष खोटा झाला.

तरीही आलेखात स्पष्ट आडवा भाग असेल तर यील्डचा आकडा वाचता येतो, कारण तो उभ्या अक्षावर आहे आणि ओढ बरोबर मोजला गेला आहे. घोटाळा होतो तो आडवा भाग नसतो तेव्हा.

आणि आपल्याकडे तो नसण्याचं एक अगदी साधं कारण आहे. १२ मीटरची सळई ट्रकमध्ये मावत नाही, घाटातल्या वळणांवर तर त्रासच, म्हणून ती मधोमध दुमडून आणतात आणि साइटवर सरळ करतात. दुमडीजवळचं पोलाद एकदा यील्डच्या पलीकडे जाऊन आलेलं असतं, तेही एका बाजूला ताणून आणि दुसऱ्या बाजूला दाबून. तो तुकडा टेस्टला गेला की आलेखाचा कोपरा गोल होतो. कॉइलमधून सरळ केलेल्या ८ मिलिमीटरच्या सळईतही हेच दिसतं. नमुना सळईच्या सरळ भागातून कापायला सांगा. पण गोल आलेख हातात आलाच, तर यील्ड कुठे मानायचा?

त्यासाठी ०.२ टक्क्याची रीत आहे. आडव्या अक्षावर ०.२ टक्क्यावर खूण करा. तिथून सरळ भागाला समांतर रेघ वर काढा. ती आलेखाला जिथे कापेल, तो स्ट्रेस यील्डच्या जागी घ्यायचा. याला प्रूफ स्ट्रेस म्हणतात आणि आयएस १७८६ ला तो मान्य आहे. अर्थ सोपा आहे. त्या बिंदूवर ओढ सोडला तर सळई समांतर उतरून बरोबर ०.२ टक्क्यावर येऊन थांबेल, म्हणजे ५० मिलिमीटरमागे ०.१ मिलिमीटर कायमची वाढलेली असेल. तेवढी कायमची वाढ झाली की यील्ड झालं असं ठरवलेलं आहे. हा निसर्गाने आखलेला बिंदू नाही, सगळ्यांनी एकच मोजमाप वापरावं म्हणून केलेला करार आहे.

दुमडीतल्या तुकड्याचा आलेख समजा ३५० मेगापास्कललाच सरळ रेघ सोडायला लागला आणि ०.२ ची रेघ त्याला ५१० ला कापते. रिपोर्टमध्ये ५१० येईल. पडताळून बघता येतं: ५१० ला इलॅस्टिक स्ट्रेन ५१० भागिले २,००,०००, म्हणजे ०.२५५ टक्के. त्यात ०.२ मिळवले की ०.४५५. आलेखावर ५१० च्या समोर हाच स्ट्रेन दिसायला हवा. दिसत नसेल तर रेघ समांतर काढलेली नाही.

आता हीच रीत एक्स्टेन्सोमीटरशिवायच्या आलेखावर लावून पाहा. आलेखाचा उतार ३० गिगापास्कल आहे आणि कुणीतरी पुस्तकातला २०० धरून ०.२ टक्क्यावरून रेघ काढली. ही रेघ इतकी ताठ आहे की आडव्या पसरलेल्या आलेखाला ती जवळजवळ लगेच कापते. हिशोब केला तर छेद येतो ७१ मेगापास्कलच्या आसपास. चांगली सळई कागदावर मातीमोल. इतका विचित्र आकडा कुणीही ओळखेल. पण उतार १५०-१६० आला असेल तर चूक डोळ्यात भरत नाही, आकडा फक्त थोडा खाली येतो आणि खरा वाटतो. म्हणून उतार आधी मोजायचा. रेघ नेहमी त्या आलेखाच्या स्वतःच्या सरळ भागाला समांतर हवी.

अशीच एक छोटी गडबड आलेखाच्या पायाशी असते. जबडे पक्के बसेपर्यंत आणि किंचित वाकलेली सळई सरळ होईपर्यंत आलेख सुरुवातीला उजवीकडे झुकलेला निघतो, मग ताठ होतो. तो झुकलेला भाग सळईचा गुण नव्हे. ताठ झालेला सरळ भाग मागे खाली वाढवा, तो आडव्या अक्षाला जिथे टेकेल तेच खरं शून्य. ०.२ टक्के तिथून मोजा. पाया ०.०५ टक्के सरकलेला असताना छापील शून्यावरून मोजलं, तर प्रत्यक्षात ०.१५ टक्क्याचीच रेघ काढली जाते आणि गोल आलेखावर आकडा कमी येतो.

खाऱ्या हवेमुळे किनाऱ्यावर बरेच जण गेट, रेलिंग, होडीचे बोल्ट यांसाठी स्टेनलेसकडे वळतात आणि ‘हे जास्त मजबूत’ असं धरून सळी बारीक घेतात. ३१६ स्टेनलेसचा आलेख असाच गोल असतो, कोपरा कुठेच नाही, त्यामुळे तिथे ०.२ ची रीतच लागते. मऊ केलेल्या ३१६ च्या सळीसाठी किमान प्रूफ स्ट्रेस २०५ मेगापास्कल धरतात, टीएमटीच्या निम्म्याहून कमी. ती गंजाला टिकते आणि तुटायच्या आधी खूप लांबते, पण कायमची वाकायला लवकर लागते. थंड अवस्थेत ओढून कडक केलेली सळी वेगळी, तिचा आकडा बराच वर असतो. म्हणून ३१६ घेताना ती कुठल्या अवस्थेतली आहे ते विचारल्याशिवाय जाडी ठरवू नका.

शेवटी आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न: पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या सळया. एका गंजलेल्या १२ मिलिमीटरच्या सळईचा रिपोर्ट आला, यील्ड ४८३. पोलाद हलकं निघालं म्हणून पुरवठादाराशी भांडण व्हायच्या आधी उतार काढा. समजा तो १८४ आला. पोलादाचा उतार २०० वरून खाली येत नसतो, मग कमी काय झालं? प्रयोगशाळेने भागाकार छापील ११३.१ ने केला होता, सळई मात्र झिजून १०४ चौरस मिलिमीटर उरली होती. उतार आणि यील्ड दोन्ही त्याच प्रमाणात खाली आले. दुरुस्त केल्यावर यील्ड ५२५ येतो. तारेच्या ब्रशने गंज काढून वजन केलं की खात्री होते: मीटरला ०.८८८ किलो हवं, ते ०.८१६ च्या आसपास भरेल. म्हणजे सुमारे ८ टक्के कमी. १२ मिलिमीटरच्या एकेका नमुन्याला आयएस १७८६ वजनात ६ टक्क्यांपर्यंतच घट मान्य करतं, तेव्हा ही सळई नापासच आहे, पण वजनावर. पोलाद दर्जाचं आहे, सळई बारीक आहे.

गंज सगळीकडे सारखा नसून खड्ड्याखड्ड्यांचा असेल, तर उताराचा साक्षीदार अपुरा पडतो, आणि समुद्राच्या मिठाने होणारा गंज बहुधा असाच असतो. उतार हा ५० मिलिमीटरची सरासरी सांगतो, यील्ड मात्र सगळ्यात खोल खड्ड्यापाशी सुरू होतं. अशा आलेखात उतार २०० च्या जवळ दिसतो, पण रेघ लवकर सुटते, कोपरा गोल होतो आणि शेपूट आखूड असते. चांगल्या तुकड्याची २० टक्के झालेली लांबण इथे १६ च्या खाली जाऊ शकते. तुटलेले दोन तुकडे मागून घ्या आणि तोंड बघा: तुटण्याची जागा खड्ड्यावर असेल आणि बाजूला कंबर बारीक झालेली नसेल, तर त्या ढिगातल्या सळया ब्रश मारून स्लॅबमध्ये घालू नका.